दुसरा बाक, भिंतीकडचा

पनवेलमध्ये एक शाळा आहे. तिच्या फाटकासमोरून जाताना मी स्कूटर सावकाश करते आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी देते. मोठ्याने द्यायलाही मला कोणाची भीती नाही, पण मागे मुलगी बसलेली असते.

त्या शाळेने माझ्या मुलीला पहिलीला घेतलं नाही. नाही म्हणताना खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटं पुढे केली. मुलीच्या कानामागचं मशीन दिसलं आणि सगळे एकदम गोड बोलायला लागले. मी तेव्हाच ओळखलं. बाजारात गिऱ्हाईक गोड बोलायला लागलं की समजावं, ते माल घेणार नाही. घेणारं गिऱ्हाईक भांडतं. "तिच्या हिताचंच सांगतोय हो ताई," असं तिथल्या साहेबांनी मला दारापर्यंत सोडताना सांगितलं. मला न विचारता माझ्या मुलीचं हित ठरवणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून चीड आहे. ती अजून गेलेली नाही, आणि जावी अशी माझी इच्छाही नाही.

मी मूळची समुद्राकाठच्या करंज्याची. बापाची होडी होती, भावाची अजून आहे. लग्न होऊन इकडे आले तेव्हा डोक्यावर सुक्या मासळीची पाटी होती आणि बाजारात बसायला जागा नव्हती. आज माझं दुकान आहे, मागे गोदाम आहे, आणि घाटावरचे व्यापारी माझ्याकडून जवळा-बोंबील नेतात. हे मला कोणी दिलेलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं. त्यामुळे मला एक सवय लागली. कुठेही गेले तरी पहिल्यांदा मी समोरच्याची किंमत करते, मग आवाज चढवते.

मुलीला जन्मापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. उजव्याने फारच कमी, डाव्याने त्यातल्या त्यात बरं. मशीन लहानपणीच बसवलं. लोकांना वाटतं, मशीन लावलं म्हणजे चष्मा लावल्यासारखं झालं, सगळं साफ. तसं नसतं. मशीन सगळंच मोठं करतं, बाईंचा आवाज मोठा आणि पंख्याचाही. आवाज येणं निराळं आणि शब्द कळणं निराळं. राहिलेला भाग ती समोरच्याच्या ओठांवरून जुळवते. स्कूटरवर मागे बसली की तिला माझं तोंड दिसत नाही, म्हणून मी डावा आरसा आत वळवून ठेवते आणि हेल्मेटची काच वर करते. मग आरशातून आमच्या गप्पा चालतात. माझा नवरा द्रोणागिरीला गोदामांतून कंटेनर नेणारा ट्रेलर चालवतो. तो म्हणतो, "तुझ्या त्या आरशात मागचा ट्रक कधी दिसायचा?" मी म्हणते, "ट्रकवाल्याला मी दिसते, तेवढं पुरे."

मग चौथीपर्यंत काही अडलं नाही. घराजवळची छोटी शाळा, एकच बाई, मोजकी मुलं. पाचवीला मोठ्या शाळेत घातलं. मराठी शाळाच, गावातली जुनी. त्यांनी चहा पाजला नाही, फॉर्म दिला आणि घेतलं. म्हणून मी त्या शाळेवर खूश होते.

पण पाचवीच्या वर्गात मुलं खच्चून भरलेली. विषयाला वेगळे शिक्षक. आणि या शाळेत एक जुनी पद्धत होती. दर सोमवारी बाक फिरायचे. पुढच्या बाकावरची मुलं मागे जायची, मागची एकेक घर पुढे सरकायची, आणि खिडकीची ओळ मधे, मधली भिंतीकडे, भिंतीकडची खिडकीशी. कोणाला कायमचं मागे बसायला लागू नये म्हणून कुणा भल्या माणसाने कधी काळी ही रीत घातली असेल. सगळ्यांना सारखं. ऐकायला किती चांगलं! माझ्या मुलीला मात्र दर सोमवारी नवीन शाळेत टाकल्यासारखं व्हायचं. एका आठवड्यात ती शेवटच्या बाकावर, रस्त्याकडच्या खिडकीशी आली. बाहेर हॉर्न, वर पंखा, आणि सर पार तिकडे फळ्याशी. तो आठवडा ती वहीत फुलं काढत बसली.

पहिल्या चाचणीत ती बऱ्याच विषयांत खाली आली. वर्गशिक्षकांनी मला बोलावलं. ते गणित आणि विज्ञान शिकवायचे. अंगाने दांडगे, आवाज खर्जातला, आणि वरच्या ओठावर भरघोस झुपकेदार मिशी. माणूस वाईट नव्हता. पण बोलताना त्यांनी जरा गोड आवाज काढला, आणि मला त्या दुसऱ्या शाळेतला चहा आठवला.

"ताई, सहामाहीपर्यंत बघू," ते म्हणाले. "नाहीच झेपलं, तर तिच्यासाठी विशेष शाळेचा विचार करा. तिथे तिला बरं पडेल."

विशेष शाळा वाईट असते असं मी म्हणत नाही. तिथे चांगलं शिकलेली मुलं मी पाहिली आहेत. माझ्या मुलीला तिथे जावंसं वाटलं असतं तर मी स्वतः नेऊन सोडलं असतं. पण तिला इथेच राहायचं होतं. चौथीतली तिची जिवाची मैत्रीण याच वर्गात होती, आणि विज्ञानाच्या तासाला दिवे लावून दाखवतात ते तिला आवडायचं. ती जाईल तर तिच्या मनाने जाईल. बाक फिरतात म्हणून नाही.

"सर," मी म्हणाले, "ती कमी पडतेय की तुमी तिला मागं टाकताय?"

"सगळ्यांना एकच नियम आहे, ताई."

"मग सगळ्यांचे कान काढून मशीन लावा. मग एकच नियम बरा."

आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी थेट मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी मला पाणी दिलं. मी म्हटलं, पाणी नको, पहिला बाक पाहिजे. मधल्या ओळीतला, फळ्यासमोरचा, कायमचा. त्या म्हणाल्या, बघू. मी म्हटलं, बघू नको, आत्ता सांगा. मी खुर्चीवरून उठलेच नाही. शेवटी त्यांनी मान हलवली.

लिलावात मासळीने भरलेला सगळ्यात चांगला हारा मारून आणल्यासारखी मी घरी आले. त्या रात्री नवऱ्याला दोनदा गोष्ट सांगितली. पहिला बाक! त्यापुढे काय असतं? फळाच असतो.

दोन-तीन आठवड्यांनी मुलीच्या कंपासपेटीत मला तिची दोन्ही मशीनं सापडली. पट्टी आणि कोनमापकाच्या मधे, रुमालात गुंडाळलेली. मी विचारलं, "हे काय?"

"शाळेत काढते."

"का?"

तिने मशीनं पुन्हा रुमालात गुंडाळली. मग म्हणाली, "काढली की पंख्याचा आवाज जातो. आणि सगळे हसतात तेपण."

"कोण हसतं? नाव सांग."

"आई, तू येऊ नको."

एवढं बोलून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, शाळेतच जायचं नाही. सहामाही जवळ येत होती. माझ्या डोक्यात सरांचं ते गोड वाक्य फिरायला लागलं.

आमच्या भागातल्या शाळांना एक फिरत्या विशेष शिक्षिका येतात. कानाच्या, डोळ्यांच्या, न चालता येणाऱ्या, सगळ्या मुलांसाठी मिळून त्या एकट्या. एक शाळा झाली की पुढची, पळस्प्यापर्यंत त्यांच्याकडे होत्या. वयाने माझ्याहून लहान, पाठीला सॅक, बोलणं भराभर. पण माझ्या मुलीशी बोलताना त्या आपोआप समोर येऊन उभ्या राहायच्या आणि जरा सावकाश व्हायच्या. ओरडायच्या नाहीत. मी शाळेत पुन्हा भांडायला गेले होते, तेव्हा त्या व्हरांड्यात भेटल्या.

"भांडा नंतर," त्या म्हणाल्या. "आधी तिच्या बाकावर बसा. एक तास. मी सरांना विचारलंय."

तशी मी पाचवीच्या वर्गात, पहिल्या बाकावर, मुलीच्या शेजारी बसले. गुडघे फळीला टेकले होते. मुलं खी खी करत होती. मागून कोणीतरी म्हणालं, "नवीन ॲडमिशन!" मी मागे वळून बघितलं, आणि तिथेच मला पहिली गोष्ट कळली. आवाज मागून आला होता. कोणाचा ते मला वळूनही कळलं नाही, कारण तोपर्यंत तो गप्प झाला होता.

सर शिकवायला लागले. इतक्या जवळून मला त्यांचा चेहरा दिसेना. मान पूर्ण वर केली की हनुवटी आणि मिशी. ते फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलायचे, तेव्हा फक्त पाठ. वारा येतो म्हणून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, की मागच्या उजेडाने चेहरा काळा. मग चालत मागच्या बाकांकडे गेले, तिथून प्रश्न विचारला, मागच्या कोणी उत्तर दिलं, सर हसले, सगळे हसले. माझी मुलगी मागे वळली.

"पुढे बघ," सर म्हणाले. रागावून नाही, सवयीने.

ती पुढे वळली. पुढे काय होतं? फळा. रिकामा.

मग सरांनी तिला प्रश्न विचारला. ती उठली आणि तेच उत्तर दिलं, जे मागच्या मुलाने नुकतंच दिलं होतं. आता प्रश्न दुसरा होता. वर्ग हसला. ती बसली आणि तिचा हात केसांखाली कानाकडे गेला. मशीन काढायला. माझ्याच देखत.

मी रागाने बाकाची फळी धरून बसले. तास संपला. मग सुटले.

"सर, आमी करंज्याला बोंबील पारखतो ना, तेव्हा सूर्य पाठीला घेतो. माल आपल्या तोंडासमोर, उजेड मालावर. कोणी माल उजेडाच्या आड धरून दाखवला तर समजायचं, लपवतोय. तुमी त्या खिडकीशी उभे राहता, तुमचा बोंबील पार काळा दिसतो!"

मुलं आधीच सुटली होती, म्हणून बरं. मागे उभ्या राहून तास बघणाऱ्या विशेष शिक्षिका फळ्याकडे वळून खोकल्या. सरांनी खिडकीकडे बघितलं, मग स्वतःच्या शर्टाकडे, जणू काही सांडलंय.

"आणि ताई," शिक्षिका म्हणाल्या, "पहिला बाक कोणी मागितला?"

"मी."

"पहिल्या बाकावरून तिला वर्ग दिसतच नाही. तिचा डावा कान बरा ना? मग उजव्या भिंतीकडची ओळ, दुसरा बाक. डावा कान वर्गाकडे राहील. सर हनुवटीखालून नाही, समोरून दिसतील. जरा तिरकं बसलं की मागचे बोलतात तेही दिसतील. रस्ता लांब पडेल. आणि तिला वळायला परवानगी पाहिजे. ती वळते ते ऐकायला वळते."

शेवटचं वाक्य त्या सरांकडे बघून बोलल्या. सरांनी खिशातून पेन काढून हाताच्या पंजावर काहीतरी लिहिलं. मास्तर लोकांची सवय.

मी वाटेने मनातल्या मनात तो सौदा उलटून बघत होते. इतकी भांडून आणलेली जागा खोटी निघाली. बाजारात असं झालं तर मी तो माल दुसऱ्या दिवशी परत फेकते. मग इथेही फेकला. विषय संपला.

मुलीशी बोलायचं काम शिक्षिकांनी केलं, आमच्या घरी येऊन. त्यांनी मला बाजूला बसवलं आणि तिला विचारलं, "वर्गात तुला कसं चाललं तर बरं वाटेल? तू सांग. आई नाही." असं तिला याआधी कोणीच विचारलं नव्हतं. तिने एकेक करून सांगितलं. पान नंबर फळ्यावर लिहावा. नवीन शब्द आधीच एका कोपऱ्यात लिहून ठेवावेत, म्हणजे ओठावर आला की ओळखता येतो. गृहपाठ दप्तर भरताना तोंडी सांगू नये. मागचा कोणी बोलला तर सरांनी त्याच्याकडे बोट दाखवावं, आणि त्याचं उत्तर पुन्हा म्हणावं. मोठ्याने वाचायचं असेल तर तिला आदल्या दिवशी धडा सांगावा. आणि कळलं नाही तर ती हात वर करणार नाही, कारण सगळे बघतात. ती बाकावर दोन बोटं उभी ठेवेल. सरांनी ती बघायची.

"आणि मधल्या सुट्टीत?" शिक्षिकांनी विचारलं.

मुलीने माझ्याकडे चोरून बघितलं. मग हातांनी काहीतरी केलं, भरभर. शिक्षिका हसल्या आणि हातांनीच उत्तर दिलं.

मला ते आवडलं नाही. घरात मी खुणा चालू दिल्या नव्हत्या; या तिने शाळेत शिक्षिकांकडूनच उचलल्या असणार. हात वापरले की जीभ आळशी होते, अशी माझी समजूत. ती बोटांनी पाणी मागायची, तर मी देत नसे. "तोंडाने माग," असं म्हणायची. शिक्षिका म्हणाल्या, "खुणा केल्याने बोलणं थांबत नाही, ताई. तिला दोन्ही येतात. गोंगाटात हात बरे, वर्गात ओठ बरे. कुठे काय वापरायचं ते तिला ठरवू द्या."

"लोक काय म्हणतील?" मी म्हटलं.

"तुम्ही कधीपासून लोकांना भ्यायला लागलात?"

त्यांनी मला बरोबर ठिकाणी टोचलं. पण मी मान्य केलं नाही. मी इतक्या लवकर भाव सोडत नाही.

त्या रविवारी माल बघायला करंज्याला गेले, मुलीला बरोबर घेतलं. भावाची होडी धक्क्याकडे येत होती. इंजिनांचा धडधडाट, बर्फाचे ट्रक, बायकांचा कलकलाट. भाऊ लांबूनच उभा राहिला. मी हात वर करून विचारलं, काय मिळालं? त्याने एका हाताने दाखवलं, बारीक माल. मग पंजा उलटा केला, थोडाच. मी छातीवर हात मारला, माझ्यासाठी ठेव. त्याने दुसऱ्या बाईकडे बोट दाखवलं, तिने आधी सांगितलंय. मी चप्पल दाखवली. तो हसला आणि मान डोलावली, बरं, तुलाच.

मुलगी माझ्या साडीला धरून हे सगळं बघत होती. तिने मला ओढून समोर उभं केलं, ओठ दिसतील असं.

"आई, तू पण हातांनी बोलतेस."

"ते निराळं. इथे ऐकू येत नाही."

हे माझ्या तोंडून निघून गेलं. ती हसली. हाताने पाण्याची खूण केली, आणि मी बाटली दिली.

जागेचा प्रश्न मात्र अजून बाकी होता. दुसरा बाक, भिंतीकडचा, तिच्यासाठी कायम ठेवायचा तर बाक फिरवण्याची रीत मोडत होती. पहिल्या बाकावरूनच इतर पालक कुरकुरत होते, म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी तो विषय पालकसभेत घेतला. मी गोदाम लवकर बंद करून गेले, साडी बदलून, भांडायच्या तयारीने.

एक पालक उठले. मुंबईच्या ऑफिसात जाणारे, गळ्यात अजून ऑफिसची पट्टी. ते म्हणाले, "आमचा मुलगा चष्मा लावतो. त्यालाही पुढेच बसायचंय. एकाला कायम जागा दिली की उद्या सगळे मागतील. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे." काहींनी माना हलवल्या. त्यांचं चुकत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर मला जास्त राग आला.

शिक्षिका उठल्या. "सारखं म्हणजे सगळ्यांना एकच गोष्ट देणं नाही..." त्या सुरू झाल्या. लोक घड्याळं बघायला लागले. ऐकवणं आणि विकणं यांत फरक असतो. मी उठले.

"साहेब," मी त्या चष्म्याच्या बापाला म्हणाले, "तुमी जागा मागताय. मी पण जागाच मागत्येय. असं करू. तुमचा नियम मोडायचा नाय. बाक फिरू द्या दर सोमवारी. फक्त माझ्या मुलीची ती एक जागा तशीच राहू द्या. बाकावर दोघं बसतात ना? तिच्या शेजारची जागा मात्र फिरती. दर सोमवारी नवीन मूल. मुलगा, मुलगी, तुमचा चष्मेवाला, सगळ्यांची पाळी. जो शेजारी बसेल त्याने एकच करायचं, पान कुठलं चाललंय ते बोटाने दाखवायचं. त्या बदल्यात त्याला पुढची जागा. बोला, माझं काय चुकतंय?"

तेवढ्यात मागून एक आजोबा म्हणाले, "चुकत काही नाही, पण ही बाई आपल्याला विकतेय."

सगळे हसले. चष्म्याचे वडीलही हसले. "आमच्या मुलाची पाळी कधी?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच सोमवारी घ्या. पण बोट सांभाळून ठेवा म्हणावं. रेंगाळलं तर ती चिमटा काढते."

मुख्याध्यापिका बाईंनी ते लिहून घेतलं आणि सरांकडे बघितलं. सर म्हणाले, चालेल. मग मी आणखी एक मागितलं. सौदा जुळत आला की शेवटची एक गोष्ट मागायची असते, समोरचा दमलेला असतो.

"आणि सर, मिशी."

"काय?"

"वरचा ओठ दिसत नाय तिला. प, ब, म, सगळं केसांत जातं."

त्या वेळी जो हशा झाला, तो मला आवडला नाही. सर लाल झाले. उठून बाहेर गेले. शिक्षिका मला म्हणाल्या, "हे मी एकांतात सांगणार होते हो ताई!" मग मला वाटलं, हा एक सौदा मी मोडला. मी घरी आल्यावर जेवले नाही.

सोमवारी मुलगी परत आली ती सांगतच आली. "आई, सरांची मिशी छोटी झाली!" पूर्ण काढली नव्हती. फक्त ओठावर आलेली कापून वर घेतली होती. तिने बोटाने स्वतःच्या ओठावर रेघ ओढून दाखवली, इथपर्यंत. सर तिच्या बाकासमोर येऊन म्हणाले होते, "आता दिसतं का, म?" आणि नुसते ओठ मिटून म म म करून दाखवलं होतं. वर्ग हसला. यावेळी तीही हसली होती, कारण विनोद काय झाला ते तिला कळलं होतं.

सगळं एका दमात सरळ झालं असं नाही. सर विसरायचे. फळ्याकडे तोंड करून बोलायला लागायचे, मग शेजारचं मूल ओरडायचं, "सर, पाठ!" तो त्या वर्गाचा खेळच झाला. इतिहासाच्या बाईंना तर नुसतं बोलायला आवडायचं. चित्र, नकाशा काही नाही. त्यांच्यासाठी शिक्षिकांनी एक कालरेषा, कुठल्या सालात काय झालं याची लांब चित्रपट्टी, करून भिंतीवर लावली. बाईंनी तिच्यावर काठीने दाखवत शिकवायला सुरुवात केली, आणि चष्म्याचा मुलगाही म्हणे त्या विषयात वर आला. मशीनच्या जादा बॅटऱ्या वर्गाच्या कपाटात ठेवल्या. तरी एकदा त्या संपल्या होत्या आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, अर्धा दिवस वाया गेला. तेव्हा मी पुन्हा शाळेत जाऊन आवाज चढवला. चढवायलाच पाहिजे होता.

पाणी, पान, पुन्हा, गप्प, डबा. एवढ्या खुणा मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला यायला लागल्या. तासाला पोरं त्याच खुणांनी एकमेकांशी गप्पा मारायची. सरांनी माझ्याकडे त्याची तक्रार केली. मी म्हटलं, "ते मला सांगू नका. ते तुमच्या वर्गाचं दुखणं."

सहामाहीनंतर सरांनी बोलावलं. मी जाताना सगळी उत्तरं तयार ठेवली होती. विशेष शाळा हा शब्द तोंडातून निघाला की काय बोलायचं, ते दुकानात बसून ठरवून ठेवलं होतं. मुलगी बरोबर होती. सरांनी तिचे पेपर समोर ठेवले. विज्ञान चांगलं, गणित बरं, इंग्रजी अजून मागे. मी वाट बघत होते. गोड आवाजाची.

"ताई," सर म्हणाले, तोच खर्जातला आवाज, "पुढच्या वर्षी सहावी वरच्या मजल्यावर आहे. त्या खोलीच्या खिडक्या उलट्या बाजूला आहेत. मी तिथल्या वर्गशिक्षकांशी बोललोय. जागा आधीच बघून ठेवायला पाहिजे."

दुकानात बसून केलेली सगळी तयारी फुकट गेली.

आम्ही तिघे वर गेलो. रिकामी खोली. मी लगेच भिंतीकडच्या दुसऱ्या बाकाकडे निघाले. मुलीने माझा पदर धरून मला थांबवलं. ती एकटी आत गेली. आधी खिडक्या बघितल्या. फळ्यासमोर एका जागी बोट दाखवून म्हणाली, "सर, तिथे उभे राहा." सर राहिले. ती एका बाकावर बसली, उठली, दुसऱ्यावर बसली. "आता बोला. हळू." सर बोलले. तिने मान हलवली, नाही. एक बाक मागे सरकली. डोक्यावरच्या पंख्याकडे बघितलं. भिंत सोडून एक जागा आत आली.

मला सांगावंसं वाटत होतं, अगं, भिंतीकडची घे, डावा कान... पण मी गप्प राहिले. मला हे फार कठीण जातं.

"ही," ती म्हणाली. "इथून दार पण दिसतं. कोण आलं ते कळतं."

सरांनी पेन काढून पंजावर लिहिलं.

परत येताना त्या दुसऱ्या शाळेवरून रस्ता. फाटकाशी तोच वॉचमन, भिंतीवर तेच हसऱ्या मुलांचं चित्र. मी सवयीने स्कूटर सावकाश केली, आणि सवयीनेच ओठ हलले.

पाठीवर थाप बसली.

"आई! शिवी दिलीस!"

आरशात तिचा चेहरा होता, माझ्या तोंडाकडे टक लावून बघणारा. किती वर्षं ती मागे बसून हे वाचत होती, कोण जाणे.

"कोणाला?" तिने विचारलं.

"त्या शाळेला."

तिने वळून फाटकाकडे बघितलं. मग पुन्हा आरशात, ओठ स्पष्ट हलवत, आवाज न काढता, तिने तीच शिवी मला परत म्हणून दाखवली. अगदी शुद्ध. एक अक्षरही गाळलं नव्हतं.

मी तिला रागवायला हवं होतं. मी आरसा जरा आणखी आत वळवला आणि गाडी पुढे काढली.